प्रकल्पाचा चार्ज देताना काय लिहून द्याल?

सामाजिक संस्थांमध्ये प्रकल्प समन्वयक म्हणून काम करणारे वाचक नोकरी बदलताना किंवा बदली होताना तेच तेच प्रश्न विचारतात. चार्ज देण्याचं टिपण किती पानांचं असावं? त्यात माणसांबद्दल लिहावं का? सही कोणाची घ्यायची? आणि आपल्या जागी कोण येणार हेच ठरलेलं नसेल, तर ते लिहायचं कोणासाठी?

अशी टिपणं पाहिली तर बहुतेकांची सुरुवात प्रकल्पाच्या उद्दिष्टांनी होते. मग पार्श्वभूमी, मग लाभार्थ्यांची संख्या, मग आजवरची प्रगती. हे सगळं प्रस्तावात आणि सहामाही अहवालात असतंच. नव्या माणसाला पहिल्या सोमवारी जे लागतं, म्हणजे चेकवर सही कोणाची चालते, कोणाचे किती पैसे द्यायचे राहिलेत, गावात कोणाला काय कबूल केलंय, ते मात्र कुठेच नसतं. म्हणून एक सोपा नियम धरा. जे कागदावर आधीच आहे ते पुन्हा उतरवू नका, ते कुठल्या फाइलीत आहे एवढंच सांगा. जे फक्त तुमच्या डोक्यात आणि तुमच्या फोनमध्ये आहे, ते लिहा.

पुढचं सगळं एका प्रकारच्या कामाला धरून सांगतो: पाणलोट विकास. महाराष्ट्रात संस्थांच्या हाती हे काम भरपूर आहे, ते तीन-चार वर्षं चालतं आणि समन्वयक मध्येच बदलण्याची वेळ हमखास येते. समजा, अहिल्यानगर-बीडच्या पट्ट्यातलं एक गाव आहे. हजारेक हेक्टरचं पाणलोट, एका कंपनीच्या सीएसआर निधीतून तीन वर्षांचं काम आणि गावाची ग्राम पाणलोट समिती. दुसरं वर्ष चालू आहे आणि तुम्ही फेब्रुवारीअखेर सोडताय. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण अडचणी खऱ्याच आहेत.

पहिलं पान: येत्या तीन महिन्यांचं

टिपणाचं पहिलं पान पुढच्या तारखांचं करा, मागच्या प्रगतीचं नको. पाणलोटाच्या कामाला दोन पंचांगं लागू असतात, एक हिशेबाचं आणि एक पावसाचं. फेब्रुवारीअखेर सोडणाऱ्याला दोन्ही एकदमच गाठतात. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृगाचा पाऊस येऊ शकतो. आपल्या उदाहरणातलं पहिलं पान साधारण असं दिसेल:

- 5 मार्चपर्यंत: समितीची बैठक. बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठराव.
- 7 मार्च: जेसीबीवाल्याच्या फेब्रुवारीतल्या बिलावर कापलेला टीडीएस भरणं. लेखापाल भरतात, पण बिल गावातून कार्यालयात पोचलं तरच.
- 20 मार्च: कंपनीला खर्चाचा तपशील आणि विनियोग प्रमाणपत्राचा मसुदा.
- मार्चअखेर: निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मोजणं.
- एप्रिलचा दुसरा आठवडा: ऊसतोडीला गेलेले मजूर परतलेले असतात. चरांच्या कामाचा नवा हजेरीपट सुरू.
- 31 मे: माती नालाबांध सांडव्यासह पूर्ण.

शेवटच्या ओळीतला ‘सांडव्यासह’ हा शब्द वगळू नका. भराव पूर्ण झाला की बांध झाल्यासारखा दिसतो, फोटोही छान येतो. पण सांडवा खोदलेला नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी भरावावरून जातं आणि बांध फुटतो. जागेवर नवीन आलेल्या माणसाला हे बघून कळेलच असं नाही. त्यामुळे अर्धवट कामांपुढे नुसतं ‘70 टक्के पूर्ण’ असं न लिहिता काय राहिलंय ते लिहा आणि राहिलंच तर काय करायचं तेही लिहा. उदाहरणार्थ: ‘दोन्ही काठांकडचा भराव झाला आहे, नाल्याचं पात्र मुद्दाम उघडं ठेवलं आहे. 20 मेपर्यंत सांडवा खोदून झाला नाही तर पात्र बंद करू नये. यंदाचा पाऊस जाऊ द्यावा, उरलेलं काम दिवाळीनंतर घ्यावं.’

एवढी तीन वाक्यं एखाद्या बांधाची किंमत वाचवतात.

बँकेच्या सह्या: सगळ्यात आधी आणि सगळ्यात रेंगाळणारं काम

पाणलोट प्रकल्पांत गावपातळीवरचं खातं बहुधा संयुक्त सह्यांचं असतं. समितीचे एक किंवा दोन प्रतिनिधी आणि संस्थेचा एक. संस्थेचा प्रतिनिधी तुम्ही असाल, तर तुम्ही गेल्यावर नव्या माणसाची सही बँकेत लागेपर्यंत खातं गोठल्यासारखंच असतं. ग्रामीण शाखेत या कामाला दोन आठवडेही लागतात आणि दोन महिनेही. कधी ठरावावर शिक्का नसतो, कधी अध्यक्षांचं केवायसी जुनं झालेलं असतं, कधी शाखेतले साहेब रजेवर असतात. तेवढ्यात मजूर ऊसतोडीहून परततात आणि कामाचा मुख्य हंगाम सुरू होतो. मग पंधरवडा संपला तरी मजुरी नाही, अशी गाडी अडकते. मजुरी एकदा थकली की लोक दुसऱ्या कामावर जातात आणि पुन्हा येत नाहीत.

यावर ‘जाण्याआधी चार-पाच कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवा’ असा तोडगा अनेक ठिकाणी सांगितला जातो. करू नका. तुम्ही संस्था सोडल्यानंतरच्या तारखेचा, कशासाठी दिला हे तुम्हाला ठाऊक नसलेला चेक तुमच्या सहीने वटला, तर विचारणा तुमच्याकडेच येईल. क्रमाने करायचं ते असं:

1. राजीनामा मंजूर झाला की त्याच आठवड्यात संस्थेच्या सचिवांकडून पत्र घ्या: अमुक तारखेपासून अमुक पदाधिकारी सही करतील. उत्तराधिकारी ठरलेला नसेल तर कार्यालयातल्या कोणाचं तरी नाव तात्पुरतं द्यायला सांगा.
2. समितीच्या बैठकीत तसा ठराव करून घ्या. ठरावात खाते क्रमांक, जुन्या आणि नव्या सहीदाराचं नाव आणि बदलाची तारीख असावी. इतिवृत्तावर हजर सभासदांच्या सह्या घ्या.
3. जुने आणि नवे सहीदार एकदम शाखेत जा. फॉर्म, केवायसीची कागदपत्रं आणि ठरावाची प्रत द्या आणि त्याची पोच घ्या.
4. खात्याच्या एसएमएससाठी कोणाचा मोबाइल नंबर नोंदवलाय ते बघा. तुमचा असेल तर त्याच दिवशी बदलायला द्या.
5. जुनी सही रद्द झाल्याचं बँकेकडून लेखी आलं की त्याची एक प्रत टिपणाला जोडा आणि एक स्वतःजवळ ठेवा.

शेवटच्या दिवसापर्यंत पाचवी पायरी झाली नसेल, तर टिपणात तसंच लिहा: ‘अर्ज अमुक तारखेला दिला, पोच सोबत, काम बाकी.’ शिवाय मधल्या काळातली मजुरी कशी द्यायची हे सचिवांशी बोलून ठरवा. संस्थेच्या मुख्य खात्यातून मजुरांच्या खात्यांत थेट देण्याची सोय बऱ्याचदा होऊ शकते, पण हजेरीपट आणि मोजमाप त्याच शिस्तीने लागतं.

परदेशी निधी असेल तर इथे एक मोठा खड्डा आहे. 2020च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्याला मनाई आहे. म्हणून आधीच्या प्रकल्पात समितीच्या खात्यावर पैसे पाठवत होतो, तसेच याही प्रकल्पात पाठवू, असं नव्या माणसाने परस्पर ठरवू नये. कुठला निधी कुठल्या खात्यातून आणि कोणाला थेट द्यायचा, हे एका ओळीत लिहा आणि शंका आल्यास सीएला विचारूनच, असंही लिहा.

शिल्लक दिसते तेवढी नसते

नवा माणूस पासबुक उघडतो आणि 6,40,000 रुपये बघून निश्चिंत होतो. म्हणून शिल्लक कधीही एकट्या आकड्यात लिहू नका. तिच्यातून काय जायचंय ते तिच्याखाली मांडा. आपल्या गावाचं उदाहरण:

- बँकेतली शिल्लक: 6,40,000
- काम झालंय, मजुरी द्यायची आहे (फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा): 1,85,000
- गॅबियन बंधाऱ्यासाठी आलेला दगड, बिल यायचं आहे: 92,000
- जेसीबीचे तास, लॉगबुक तपासलं आहे, बिल यायचं आहे: 1,10,000
- ही देणी वजा जाता: 2,53,000
- त्यापैकी वृक्षलागवडीच्या शीर्षाखाली मंजूर, इतरत्र वापरता येत नाही: 1,20,000
- खरोखर हाताशी: 1,33,000

सहा लाख चाळीस हजारांचे एक लाख तेहतीस हजार झाले. यातल्या मधल्या दोन ओळी सगळ्यात जास्त निसटतात, कारण बिलच आलेलं नसल्यामुळे हिशेबाच्या वहीत त्यांचा पत्ता नसतो. दगडवाला एप्रिलमध्ये बिल घेऊन येतो, नवा समन्वयक म्हणतो ‘मला काही माहिती नाही’, आणि संस्थेचं नाव बाजारात जातं. त्यामुळे बिल न आलेल्या देण्यांपुढे कोणी मागवलं, दर काय ठरला आणि मोजून कोणी घेतलं, एवढं लिहा.

सीएसआरच्या पैशात 31 मार्चचा प्रश्न वेगळा आहे. कंपनीने संस्थेला पैसे दिले म्हणजे कंपनीच्या लेखी खर्च झाला, असं नसतं. संस्थेने ते प्रत्यक्ष वापरले तरच तो खर्च धरला जातो आणि वापर झाल्याचं कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. चालू, बहुवार्षिक प्रकल्पातली न वापरलेली रक्कम कंपनीला वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. म्हणून मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात कंपनीतून फोन येतात आणि उत्तर लगेच हवं असतं. तुमच्या टिपणात वरची मांडणी तारखेसह असेल, तर नवा माणूस त्या फोनला उत्तर देऊ शकेल. नसेल, तर तो पासबुकातला आकडा सांगून मोकळा होईल आणि पुढचा हप्ता अडकेल.

आणखी एक. कंपनीने तोंडी होकार दिलेला शीर्षबदल, म्हणजे ‘वृक्षलागवडीतले पैसे गॅबियनला वापरा, हरकत नाही’ असं फोनवर सांगितलेलं, हा बदल धरू नका. जाण्याआधी त्याचा ईमेल मागवा. आला नाही तर टिपणात ‘मंजुरी नाही’ असंच लिहा.

मोजमाप वही हातात घेऊन शिवारफेरी

टिपण टेबलावर बसून लिहिता येतं, पण चार्ज टेबलावर देता येत नाही. दोघांनी मिळून, समितीचे एक-दोन सभासद बरोबर घेऊन, माथ्यापासून पायथ्यापर्यंत फिरा. हातात गाव-नकाशा, मोजमाप वही आणि टेप ठेवा. सगळं पुन्हा मोजणं शक्य नसतं. माझा सल्ला असा की शेवटच्या दोन महिन्यांत वहीत चढवलेलं प्रत्येक काम मोजा आणि त्याआधीची काही कामं नव्या माणसाला निवडू द्या. निवड त्यानेच करावी.

एक उदाहरण सविस्तर बघू. वहीत एका गटात सलग समतल चर 2,400 मीटर नोंदवलेत, आकार 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल. म्हणजे एका मीटरला 0.18 घनमीटर खोदाई, एकूण 432 घनमीटर. टेप लावल्यावर चर भरले 2,050 मीटर, म्हणजे 369 घनमीटर. फरक 350 मीटरचा, 63 घनमीटर खोदाईचा. या खोदाईची मजुरी दिलेली आहे.

लगेच कोणावर आळ घेऊ नका. असा फरक दोन-तीन कारणांनी पडतो. चर खोदलेले असतात पण गाळाने भरतात किंवा शेतकरी नांगर घालून बुजवतो. किंवा वहीत प्रत्यक्ष मापाऐवजी अंदाजपत्रकातलाच आकडा उतरवलेला असतो. किंवा त्या गटातला एक हिस्सेदार आडवा आला, मुकादमाने तेवढे चर शेजारच्या गटात खोदले आणि वहीत गट नंबर बदलायचा राहून गेला. यातलं कुठलं ते जागेवर ओळखता येतं. चरातून निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला वरंबा करून टाकतात. चर बुजला तरी बिन-नांगरलेल्या जमिनीत वरंब्याची रेघ आणि त्यावरचं गवत दोन-तीन पावसाळे दिसत राहतं. वरंबाही नाही, नांगरटही नाही, तर चर खोदलेलाच नाही. शेजारच्या गटात वहीत नसलेले चर सापडले, तर तिसरं कारण.

सापडेल ते टिपणात जसंच्या तसं लिहा: गट, वहीचं पान, वहीतलं माप, टेपचं माप, फरक, कारण कळलं असेल तर कारण. जुन्या नोंदीवर खाडाखोड करू नका. दुरुस्तीची नवी नोंद तारखेसह खाली करायची असते आणि ती करण्याचा अधिकार ज्याला आहे त्यानेच करायची. जाणाऱ्याला वाटतं की फरक लिहून दिला तर आपण अडकू. खरं तर न लिहिता गेलात आणि मग लेखापरीक्षणात तो निघाला, तर उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसता.

फेरीत एक गोष्ट मुद्दाम विचारा: या गटात रोजगार हमीतून किंवा जलयुक्त शिवारमधून काम झालं आहे का? एकच बांध दोन योजनांच्या नकाशांत दिसला, तर खुलासा संस्थेलाच करावा लागतो.

तोंडी दिलेले शब्द

हा भाग टिपणात सगळ्यात कमी लिहिला जातो आणि गावात सगळ्यात जास्त लक्षात राहतो. पाणलोटाचं काम संमतीवर चालतं आणि संमती मिळवताना समन्वयक काही ना काही कबूल करत असतो. कबूल करण्यात चूक काही नाही, पण तो शब्द संस्थेचा आहे हे पुढच्याला कळलं पाहिजे.

नमुन्यादाखल तीन नोंदी देतो:

‘गट 112: नालाबांधासाठी थोरल्या भावाचं संमतीपत्र फाइलीत आहे. सातबाऱ्यावर तिघांची नावं आहेत. धाकटा पुण्यात असतो, त्याने फोनवर होकार दिला, सही बाकी. मधल्या भावाने पलीकडच्या शेतात जायला बांधावरून बैलगाडीची वाट मागितली आहे. मी ‘बघू’ म्हटलं, हो म्हटलेलं नाही.’

‘माथ्यावरच्या लागवडीत चराईबंदी. मेंढ्या राखणाऱ्या कुटुंबांना दिवाळीनंतर गवत विळ्याने कापून न्यायला समितीने बैठकीत हो म्हटलं आहे. ठराव लिहिलेला नाही. पावसाळ्याआधी तो लिहून घ्यावा.’

‘गट 87: गाळ काढताना विहिरीचा कठडा पडला. दुरुस्ती प्रकल्पातून करून देऊ, असं मी सांगितलं. अंदाजे खर्च लिहून कार्यालयाला पाठवला, मंजुरी आलेली नाही.’

पहिली नोंद नीट बघा. सामाईक खात्यातल्या एकाच भावाच्या संमतीवर बांध घातला आणि दुसऱ्याने तहसीलदारांकडे किंवा कोर्टात तक्रार केली, तर काम थांबतं. म्हणून ‘संमतीपत्र आहे’ एवढं लिहिणं पुरेसं नाही. सातबाऱ्यावर नावं किती आणि सह्या किती, हे लिहा. ‘बघू’ आणि ‘हो’ यांतला फरकही लिहा. गावात ‘बघू’चा ‘हो’ व्हायला समन्वयक बदलण्याइतकंच निमित्त पुरतं.

आणि हे शब्द फक्त लिहून ठेवू नका. समितीच्या बैठकीत, नवा माणूस समोर असताना, वाचून दाखवा. तिथेच काही जण म्हणतील, ‘साहेब, आमचंही एक राहिलंय.’ ते राहिलेलं तेव्हाच निघालेलं बरं.

विहिरी, फोन आणि पासवर्ड

निरीक्षण विहिरींच्या नोंदी नव्या हातात गेल्या की एक ठरावीक घोटाळा होतो. जुना कार्यकर्ता पाण्याची खोली कठड्याच्या वरच्या कडेपासून मोजत असतो, नवा जमिनीपासून मोजतो. कठडा 90 सेंटिमीटर उंच असेल, तर पाणी एका महिन्यात तेवढंच वर आल्यासारखं दिसतं आणि अहवालात ‘पातळीत वाढ’ म्हणून छापलं जातं. प्रत्येक विहिरीपुढे मोजण्याची खूण लिहा: ‘विहीर 4, कठड्याची पूर्वेकडची कड, रंगाची खूण केली आहे, कठडा 90 सेंटिमीटर.’ पंप बंद करून किती वेळाने मोजता तेही लिहा, कारण उपसा चालू असताना घेतलेलं माप कामाचं नसतं.

फोनचं थोडक्यात:

- प्रकल्पाचं सिम कोणाच्या नावावर आहे ते तपासा. तुमच्या आधारवर घेतलं असेल तर ते संस्थेच्या नावावर करून द्या.
- कामाआधीचे आणि नंतरचे जीपीएस फोटो तुमच्या वैयक्तिक फोनमध्ये असतील, तर गट नंबरप्रमाणे फोल्डर करून संस्थेच्या ड्राइव्हवर चढवा.
- तुमच्या स्वतःच्या जीमेलवर उघडलेल्या फाइलींची मालकी बदलून द्या. नुसतं शेअर केलं आणि पुढे तुमचं खातं बंद पडलं, तर फाइलीही जातात.
- पासवर्ड टिपणात लिहू नका. ते सचिवांना वेगळे द्या आणि लगेच बदलायला सांगा.
- मजुरांच्या आधार आणि पासबुकच्या झेरॉक्स प्रती कार्यालयात जमा करा, तुमच्या फोनमधले त्यांचे फोटो काढून टाका.

माणसांबद्दल लिहावं का?

लिहा, पण स्वभाव लिहू नका, वागण्याची पद्धत लिहा. ‘उपाध्यक्ष कटकटे आहेत’ हे तुमचं मत झालं आणि हे टिपण कधी ना कधी उपाध्यक्षांच्या हाती पडणारच. ‘उपाध्यक्ष मुकादमाच्या बिलावर सही करण्याआधी काम स्वतः जाऊन बघतात, त्यांना दोन दिवस आधी सांगावं’ हे उपयोगी आहे आणि त्यांनी वाचलं तरी बिघडत नाही. पैशाच्या अफरातफरीची शंका असेल तर तिची जागा टिपणात नाही. ती सचिवांना वेगळ्या पत्राने, पुराव्यासह कळवा आणि पत्राची पोच घ्या.

सह्या, आणि दोघांचे हक्क

टिपणाच्या तीन प्रती करा: एक जाणाऱ्याची, एक येणाऱ्याची, एक कार्यालयाची. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. उत्तराधिकारी ठरलेला नसेल, तर ज्यांच्याकडे तात्पुरता कार्यभार आहे त्यांच्याकडे द्या. ‘कोणी आलं की मग देतो’ म्हणत बसू नका, कारण पुढे फाइलीतली एखादी पावती सापडली नाही तर ती कोणाच्या ताब्यात होती हेच ठरत नाही.

जाणाऱ्यांनो, तुम्हाला सही झालेली प्रत मागण्याचा हक्क आहे. तुमचा पगार, प्रवासखर्चाची थकलेली बिलं आणि अनुभवपत्र यांचं काय ते लेखी विचारा. हिशेब बाकी आहे असं संस्थेने म्हटलं, तर नेमकी कुठली पावती किंवा उचल बाकी आहे याची यादी मागा. मोघम ‘हिशेब क्लिअर झाल्यावर बघू’ यावर थांबू नका. तुम्ही संस्थेच्या विश्वस्त मंडळावरही असाल, तर सार्वजनिक न्यास कायद्याखालचा बदल अहवाल 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात दाखल झाला का, तेही विचारा. नुसती नोकरी असेल तर तो लागत नाही.

येणाऱ्यांनो, पाहिल्याशिवाय ‘बरोबर आहे’ अशी सही करण्याचं बंधन तुमच्यावर नाही. टिपणातल्या प्रत्येक बाबीपुढे दोन रकाने करायला सांगा: ‘पाहिलं’ आणि ‘सांगितलं’. फाइल हातात घेतली, टेप लावली, पासबुक बघितलं, तर पहिल्या रकान्यात खूण. नुसतं ऐकलं असेल तर दुसऱ्या. सहीच्या वर लिहा: ‘टिपण मिळालं. दुसऱ्या रकान्यातल्या बाबी तपासायच्या आहेत.’ यात अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही, जाणाऱ्यालाही याने संरक्षण मिळतं.

गेल्यानंतर फोन किती दिवस घ्यायचा, हेही ठरवून लिहा. महिनाभर, आठवड्यातून एक दिवस ठरलेल्या वेळी, एवढं पुरेसं असतं. समितीच्या लोकांचे फोन येतील तेव्हा प्रेमाने बोला, पण कामाचं उत्तर देऊ नका. ‘नवीन साहेबांना विचारा’ म्हणा, नाहीतर गावात दोन समन्वयक होतील.

टिपण मिळालंच नाही तर

हेही पुष्कळदा होतं. आधीचा माणूस गेलेला असतो, कार्यालयात कपाटाची किल्ली तेवढी मिळते. अशा वेळी टिपण तुम्हीच तयार करा, उलट्या बाजूने. पहिल्या आठवड्यात चार कागद मिळवा: बँकेचं मागच्या 12 महिन्यांचं विवरण, मोजमाप वही, समितीचं ठरावबुक आणि देणगीदाराला गेलेला शेवटचा अहवाल.

विवरणातली प्रत्येक मोठी रक्कम मोजमाप वहीतल्या कामाशी जुळवा. ज्या रकमेला काम सापडत नाही आणि ज्या कामाला पैसे गेलेले दिसत नाहीत, अशा दोन याद्या होतील. दुसरी यादी म्हणजे तुमची न आलेली बिलं. मग अहवालात ‘पूर्ण’ म्हणून दाखवलेली कामं ठरावबुकात आणि शिवारात आहेत का ते बघा. हे झालं की समितीची बैठक बोलवा आणि एकच प्रश्न विचारा: आधीच्या साहेबांनी काय काय कबूल केलं होतं? जो जे सांगेल ते त्याच्यासमोर लिहून घ्या, पण तिथल्या तिथे कशालाही होकार देऊ नका. महिन्याभरात ती यादी सचिवांकडे लेखी द्या आणि कुठला शब्द संस्था पाळणार, कुठला नाही, याचं उत्तर लेखी मागा. ते उत्तर हातात आल्यावरच गावात पुढची बैठक लावा.